दुधाच्या वाटेवरचे चार किलोमीटर

हिंदी मुलखातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत, लाल मातीच्या मैदानावर मी शाळकरी मुलांना पळायला शिकवते. "पळायला काय शिकवायचं? कुत्रं मागे लागलं की आपोआप येतं," असं माझा भाऊ म्हणतो. पालकांची तक्रार उलटी असते, की ही बाई पळवते कमी आणि खेळवते जास्त. तक्रार खरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. बारा वर्षांच्या मुलांना मी आठवड्यातून तीनच दिवस बोलावते. एक दिवस वेगाच्या छोट्या धावा, एक दिवस रिले नि उड्या, एक दिवस टेकडीच्या चढावर गप्पा मारत रमतगमत. सगळं मिळून बारा-तेरा किलोमीटर. बाकीचे दिवस खो-खो खेळा, पोहा, नाहीतर लोळा.

त्यांतली एक मुलगी माझी लाडकी होती. लाडकं कोणी नसावं, हे मला कळतं, पण होती. दिवाळीनंतर तिची धावण्याची वेळ बिघडायला लागली. जरा काही बोललं की फणकारायची. एका संध्याकाळी पायरीवर बसून बुटाचे बंद सोडता सोडता म्हणाली, "दीदी, मला नाही पळायचं. कभी नहीं."

मी तिच्यासमोर बसले. तिची नडगी दाबून पाहिली तर कळवळली.

तेरा किलोमीटरनं असं होत नाही. मुलं काय पळली ते लिहायला मी प्रत्येकाला वही दिलेली आहे. तिची वही अगदी चोख होती. मग विचारलं, "सकाळी उठून काय करतेस?"

"आजोबांबरोबर दूध आणायला जाते."

"कशी?"

"वो साइकिल पे, मैं भागके."

दोन किलोमीटर जायचे, दोन यायचे, आठवड्यातले सहा दिवस. शाळेचे पाचही दिवस प्रार्थनेआधी सर मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावायचे, ते रोजचे आणखी दोन. मी तिथेच मातीत काटकीनं बेरीज केली. माझे तेरा धरून आठवड्याला सत्तेचाळीस! सोळा वर्षांच्या मुलांनाही मी इतकं देत नाही.

"मग लिहिलं काहून नाही?" मी ओरडलेच.

"वो तो दूध है न, दीदी," ती म्हणाली. "और वो तो स्कूल है."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. हाड चिरलेलं नव्हतं, पण त्याच वाटेवर होतं. तीन आठवडे धावणं बंद, नंतर दुखलं नाही तरच हळूहळू. तिथून मी तडक तिच्या घरी गेले आणि आजोबांवर तोंडाचा पट्टा सोडला. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. माझं संपेपर्यंत थांबले.

"दूध तर आणावंच लागते ना मॅडम. पोरगी बोलत बोलत येते, मला बरं वाटते." मग हळूच म्हणाले, "अन् ती सकाळी काय करून राहिली, हे तुम्ही कधी विचारलं?"

नव्हतं विचारलं. उलट ती जिंकायला लागली तेव्हा मीच तिला मोठ्या मुलांच्या गटात टाकलं होतं; किलोमीटर तेवढेच, पण वेग मोठ्यांचा. आजोबांची दुधाची फेरी, सरांच्या पाच फेऱ्या, माझा थोडा जास्तीचा वेग. ज्याचं त्याला थोडकंच वाटत होतं. भार मात्र त्या दोन काटकुळ्या पायांवर.

ती बरी होईपर्यंत तिला फेऱ्या नकोत, याला सर फोनवर दोन मिनिटांत कबूल झाले, बिचारे ओशाळलेच. आजोबांचं अवघड होतं. दिवसभरात नात त्यांच्याशी बोलायची ती तेवढ्याच वेळात. शेवटी ठरलं की तिनं सायकलच्या कॅरियरवर बसायचं. "चलो, आता माझीच प्रॅक्टिस होऊन राहिली," आजोबा धापा टाकत सगळ्यांना सांगायचे.

पहिला आठवडा ती मैदानाकडे फिरकली नाही. मी रोज फाटकाकडे बघायचे. दुसऱ्या आठवड्यात आली, स्टॉपवॉच धरून उभी राहिली आणि सगळ्यांवर दादागिरी केली. मग बसल्या बसल्या चेंडू फेकायला लागली. दुखणं थांबल्यावर मी तिला परत तिच्या वयाच्या गटात घेतलं आणि शाळेच्या फेऱ्याही तिच्याच वहीत लिहायला लावल्या. एका आठवड्याला वाढवायचं ते नखाएवढं.

थंडी सरताना शाळाशाळांची आठशे मीटरची शर्यत झाली. ती चौथी आली. आजोबांनी पहिला नंबर गृहीत धरून बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जिलबी आणलेली. आता द्यावी की लपवावी, अशा विचारात ते पुडा घेऊन उभे. तिनं तो हिसकावला आणि भरल्या तोंडानं विचारलं, "दीदी, अगली रेस कब है?"

"तीन महिन्यांनी."

"इतने दिन?" ती माझ्यावर उखडलीच. "काहून? मैं क्या करूँ तब तक?"

इतकं गोड भांडण माझ्याशी आजवर कोणी केलेलं नाही. मी तिला रागानं म्हटलं, "खेळ!" आणि डोळे पुसायला पाठ फिरवली.