शुल्क आपल्या सोयीनुसार

कापडी पिशव्या परदेशी पाठवणाऱ्या कचेरीत हिशेब बघणाऱ्या बाईंना सगळे ‘खडूसताई’ म्हणत. बिलासोबतच्या ईमेलमध्ये त्यांनी सरळ लिहिलं: रक्कम युरोत, आणि पैसे पाठवण्याचं सगळं शुल्क, मधल्या बँकेचंसुद्धा, तुम्ही भरायचं.

मालकांनी नाक मुरडलं. “परदेशी गिऱ्हाईक आहे, ताई! चिल्लरीसाठी इज्जत घालवता?” ते वाक्य खोडून त्यांनी ऐटीत लिहिलं, ‘शुल्क आपल्या सोयीनुसार.’

गिऱ्हाइकाने आपली सोय पाहिली आणि सगळं शुल्क घेणाऱ्याच्या गळ्यात मारलं. मधल्या बँकेनेही वाटेत हात मारून घेतला. खात्यात रक्कम कमी आली.

“हे आधीच लिहायला काय झालं होतं?” मालक कडाडले.

“लिहिलं होतं, तुम्ही खोडलंत,” ताई म्हणाल्या. “इज्जत मात्र पुरी जमा झालीय.”