अठ्ठावन्नावा परिच्छेद

आमच्या सकाळच्या लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला मी शिकवते, आणि दरवर्षी जूनमध्येच मुलांना सांगून टाकते की माझा स्वभाव वाईट आहे. उगाच नंतर तक्रार नको. वर्गात पंचविशीच्या आतली साठ पोरं आणि तिसऱ्या बाकावर एक त्रेपन्न वर्षांचा लिफ्ट मेकॅनिक. पोरं त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. मीही मनातल्या मनात तेच म्हणायची.

काका साडेसातच्या तासाला सातला येऊन बसत. निळा शर्ट, खिशाला टेस्टर, नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ. बी.ए. बाहेरून केलेलं, तेही तरुणपणी. या वयात लॉ कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं तर म्हणाले, "एक निकाल वाचायचाय मॅडम. नीट."

मला वाटलं, घराचा वाद असेल. या वयाची माणसं बहुधा भावाशी भांडायला कायदा शिकतात.

पहिल्या सहामाहीत मी एकच दणदणीत काम देते. एकशे चौदा पानांचा एक निकाल आणि त्याचा दोन पानी ब्रीफ. वस्तुस्थिती काय, वादाचा मुद्दा काय, निकाल काय, कारणं काय आणि शेवटी रेशो, म्हणजे ज्या तत्त्वावाचून तो निकाल उभाच राहत नाही ते तत्त्व. हा निकाल मी मुद्दाम निवडलाय. न्यायमूर्तींना नमनालाच घडाभर तेल लागतं. पहिली तीस पानं इमारतीची रचना, मग दोन्ही वकिलांचे युक्तिवाद, मग जुने निवाडे, आणि खरं बोलणं सुरू होतं ते नव्वदाव्या परिच्छेदानंतर. पोरं हमखास वकिलाचा युक्तिवाद कोर्टाच्या तोंडी घालतात. मग मी लाल पेन काढते. मला त्यात थोडा आनंदही होतो, खोटं कशाला बोलू.

प्रकरण साधं होतं. एका मोठ्या इमारतीत लिफ्टची दुरुस्ती चालू असताना खालच्या खड्ड्यात काम करणारा एक मेकॅनिक लिफ्टखाली सापडून मेला. त्याच्या बायकोने इमारतीच्या मालकावर दावा केला. मालक म्हणाला, देखभाल मी ठेकेदाराला दिली होती, माझा संबंध काय? खालच्या कोर्टाने ते मानलं. वरच्या कोर्टाने निकाल फिरवला: यंत्र धोक्याचं असेल तर सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची, आणि ठेकेदार नेमला म्हणून ती अंगावरून झटकता येत नाही. हा रेशो. एवढ्या एका ओळीसाठी एकशे चौदा पानं.

काकांचा ब्रीफ अकरा पानांचा आला. वस्तुस्थिती इतकी अचूक की मी थक्क झाले. मुख्य स्विच कुठल्या भिंतीला होता, वॉचमनने तो वर कधी ओढला, सगळं. निकालात नसलेलंही काही होतं, पण ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आणि रेशोच्या जागी एकच वाक्य, जसंच्या तसं उतरवलेलं: "सहकारी मेकॅनिकने त्या दिवशी मुख्य स्विचला कुलूप लावले असते, तर हा माणूस आज जिवंत असता." परिच्छेद अठ्ठावन्न.

मी दहापैकी दोन दिले आणि वर्गात त्यांनाच उभं केलं.

"काका, एकशे चौदा पानांत तुम्हाला हेच वाक्य सापडलं?"

"हेच म्हणतात सगळे," ते हळू बोलले. "कोर्टाने मेकॅनिकला दोषी धरलं असंच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? आणि त्या सगळ्यांनी निकाल वाचलाय का? आता कसोटी लावू. वाक्य उलटं करा. समजा, मेकॅनिकने कुलूप लावलं होतं. तरी मालक जबाबदार ठरला असता की नाही?"

काकांनी निकालाची पानं उलटली. "ठरला असता. जबाबदारी मालकाचीच, असं शंभराव्या परिच्छेदात आहे. मेकॅनिकने काय केलं याने त्यात फरक पडत नाही."

"मग हे वाक्य काढून टाकलं तर निकाल पडतो का?"

"नाही."

"झालं तर मग. ते ओबिटर. जाता जाता मारलेला शेरा. त्या मेकॅनिकवर दावा नव्हता, त्याला साक्षीला कोणी बोलावलं नव्हतं, त्याचं म्हणणं कोणी ऐकलं नव्हतं. कोर्टाने त्याचा दोष ठरवलेलाच नाही. आणि तुम्ही सगळे मिळून चोर सोडून संन्याशाला फाशी देताय."

वर्ग हसला. मी स्वतःवर खूश होते. काका मात्र उभेच राहिले. पुढच्या बाकावरच्या मुलीने त्यांचा शर्ट ओढून त्यांना बसवलं.

तास संपल्यावर ते स्टाफरूमच्या दाराशी आले. "मॅडम, तो मेकॅनिक म्हणजे मी."

मी त्यांना आत बसवलं, तेव्हा सगळं कळलं. मेला तो त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोघे एकाच ठेकेदाराकडे, एकाच जोडीत काम करायचे. तेरा वर्षं झाली. सात वर्षांपूर्वी अपिलाचा निकाल लागला तेव्हा मेहुण्याच्या बायकोने घरी येऊन अठ्ठावन्नावा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवसापासून काकांची बायको त्यांच्याशी कामापुरतं बोलते. जेवण वाढलंय. दूध संपलंय. बस्स.

"मी तिला सांगत आलो की मी कुलूप लावलं होतं, वॉचमननेच तोडलं असणार. ती म्हणते, कोर्ट खोटं बोलेल का? आपल्या कॉलेजची लिफ्ट दुरुस्त करायला आलो होतो, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात तुमच्या पोरांच्या हातात हा निकाल दिसला. म्हटलं, इथे हा शिकवतात. शिकून घेऊ."

म्हणजे हा माणूस सात वर्षं एका शेऱ्याखाली जगत होता, आणि मी दरवर्षी तोच निकाल लाल पेनने कुरतडत होते. मला लाज वाटली. मी म्हटलं, ब्रीफ पुन्हा लिहा, आणि यावेळी मी तुमच्याजवळ बसेन.

आम्ही चार दिवस बसलो. वकिलांचे युक्तिवाद पेन्सिलीने खोडले, जुने निवाडे बाजूला काढले. अकरा पानांची दोन झाली. काकांना कात्री चालवायला जमत नव्हतं. स्विच, खड्डा, ग्रीसचा डबा यातलं काही गाळायचं म्हटलं की हात थांबायचा. मी म्हणायची, "निकालाला लागतं तेवढंच ठेवा." शेवटी रेशो त्यांनी स्वतः लिहिला, एका वाक्यात, स्वच्छ. त्याखाली वेगळी ओळ: "परि. ५८ मधील विधान ओबिटर आहे. सहकाऱ्याच्या दोषाचा प्रश्न न्यायालयाने ठरवलेला नाही." मी दहापैकी नऊ दिले, सही केली. त्यांनी कॉलेजचा शिक्काही मागितला. ब्रीफवर शिक्का कोण मारतं? पण मी ऑफिसातून मारून आणला.

दोन दिवस काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटताना स्टाफरूममध्ये एक बाई आल्या. हातात तीच दोन पानं, प्लास्टिकच्या पिशवीत. मागे दारात काका उभे होते.

"हे तुम्ही तपासलंत?" बाईंनी विचारलं.

"हो. बसा ना."

त्या बसल्या नाहीत. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे खरं? कोर्टाने ठरवलंच नाही?"

"अगदी खरं. तो नुसता शेरा होता. त्याच्यावर निकाल अवलंबून नव्हता." मी उत्साहाने सांगत होते. "यांना कोणी काही विचारलंच नव्हतं."

"विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे प्रश्न तसाच पडून आहे."

हा मुद्दा माझ्या वर्गातल्या एकालाही सुचला नव्हता. मला तरी कुठे सुचला होता? कोर्टाने दोषी ठरवलं नाही आणि माणूस निर्दोष आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरांना मीच शिकवते. पण त्या चार दिवसांत ते मला आठवावंसं वाटलं नव्हतं.

बाई वळल्या आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मग मी विचारते. कुलूप कुठे होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, एखादा परिच्छेद काढेन, असं त्यांना वाटलं असावं.

"माझ्या खिशात," ते म्हणाले.

स्टाफरूममध्ये आम्ही तिघंच होतो. बाहेर पोरं जिन्यावरून गलका करत उतरत होती, कारण कॉलेजची लिफ्ट पुन्हा बंद पडली होती.

"स्विच पाडून बंद केला होता मी. कडी गंजलेली, कुलूप बसत नव्हतं. कडीला लावायला ग्रीस आणायला खाली गेलो. म्हटलं दोन मिनिटांत वर येतो, मग लावतो. तेवढ्यात लिफ्ट बंद म्हणून लोकांनी ओरडा केला, तर वॉचमनने वर जाऊन स्विच चालू केला. खड्ड्यातल्या माणसाला त्याने विचारलं नाही, मलाही नाही. कुलूप असतं तर वॉचमनला स्विच चालू करताच आला नसता." मग ते माझ्याशी बोलायला लागले, अगदी वर्गात उत्तर द्यावं तसे. "मॅडम, तुमची कसोटी मी घरी लावून पाहिली. वाक्य उलटं केलं. मी कुलूप लावलं होतं असं धरलं. कोर्टाचा निकाल बदलत नाही. पण खड्ड्यात तो मरत नाही."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी ती दोन पानं पिशवीत घातली, पिशवीची घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"सात वर्षं मी कोर्टाचं ऐकून तुमच्याशी बोलले नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि तुम्ही तेरा वर्षं खोटं बोलून माझ्या हातचं जेवलात. माझ्या भावाला खाली सोडून वर काय झालं, हे मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. तेव्हाच."

त्या एकट्याच जिना उतरल्या. काका दारातच होते. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग म्हणाले, "ब्रीफ बरोबर होता ना मॅडम?"

"बरोबर होता," मी म्हटलं. तो बरोबरच होता.

ते पुन्हा वर्गात आले नाहीत. पुढे कळलं की बाई भावजयीकडे, भावाच्या घरी राहायला गेल्या. एकदा कॉलेजची लिफ्ट दुरुस्त करायला दुसराच एक मेकॅनिक आला. मी सहज विचारलं तर म्हणाला, काकांनी काम सोडलं. तो मशीनरूमकडे निघाला तेव्हा मी त्याला थांबवून विचारलं, कुलूप आणलंय का? त्याने जरा वैतागून खिशातून काढून दाखवलं. मी म्हटलं, खिशात नको. वर जाऊन आधी लावा, मी इथे उभी आहे.

निकाल मी अजून शिकवते. अठ्ठावन्नावा परिच्छेद आला की कोणाला उभं करत नाही.