रिकाम्या चौकोनातलं घड्याळ

आता हा आपल्या मास्तरांचे उपकार सांगणार, डोळ्यांत पाणी आणणार, असं वाटलं असेल तर वाट बघत बसा. मला अजून राग येतो. आठवलं की कानशिलं तापतात.

मी नातेपुत्याचा. घरी मेंढरं. सोलापुरात शुक्रवार पेठेत मावशीकडं राहून सातवीत शिकत होतो. सातवीच्या सरकारी परीक्षेला कुणाला बसवायचं, ते शाळा आपली परीक्षा घेऊन ठरवायची. बापानं बजावलं होतं, "औंदा नाव गेलं न्हाई, तर पाटी ठेव आन् मेंढरामागं चल." मला मास्तर व्हायचं होतं. तेव्हा सातवी पास झालं की मास्तर होता यायचं. मास्तरांच्या नकला तर सगळ्याच यायच्या, नुसता तो दाखला हवा होता.

गणिताचा कागद आला तर त्यात दोन चौकोन कोरे. छापखान्याला घड्याळाचा आन् दिनदर्शिकेचा ठसाच मिळाला नव्हता. एका चौकोनाखाली लिहिलेलं, 'या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. काट्यांमधला कोन किती?' दुसऱ्याखाली, 'या महिन्याची पहिली तारीख शनिवारी आहे. तेवीस तारखेला कोणता वार?'

आमचे गणिताचे मास्तर तपकीर ओढत उठले. "चित्र न्हाई म्हनून रडताय व्हय? ह्ये घ्या." फळ्यावर गोल काढला. मोठा काटा चारावर, धाकटा बरोब्बर तिनावर! "बगा आन् लिवा. तारीख बोटावर मोजा."

मी हात वर केला. "मास्तर, धाकटा काटा तिनावर कसा? वीस मिन्टं त्यो काय झोपला हुता?"

वर्ग हसला. मास्तर लाल. "तू बस खाली. फळ्यावर हाय त्येच खरं."

फळ्यावर बघून पोरांनी तीस अंश लिहिले. मी नाही लिहिले. धाकटा काटा तासाला तीस अंश चालतो. वीस मिनिटांत दहा. म्हणजे तो तिनाच्या पुढं दहा अंश, आन् मोठा तिनाच्या पुढं तीस. मधे उरले वीस. 'वीस' लिहिलं आन् खाली ठसठशीत रेघ ओढली. डोकं नुसतं भणभणत होतं. त्या तिरमिरीतच पुढचं गणित उरकलं, 'शुक्रवार' लिहिलं आन् कागद देऊन बाहेर आलो.

निकाल लागला. शंभरात एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागायचे. दोन्ही गणितं पाच-पाच गुणांची, दोन्हीवर फुली!

दुपारी मी तक्रार घेऊन हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभा राहिलो. आत भिंतीवर मोठं घड्याळ होतं. तीन वाजून गेलेले. मागं चारपाच पोरं जमली. त्यांच्यासमोर मी चिमूट नाकाला लावली, पोट पुढं काढलं आन् गणिताच्या मास्तरांच्या आवाजात सुरू केलं, "ए काट्या! जागचा हललास तर आंगठे धरायला लावीन! तीन म्हंजे तीन!"

पोरं हसता हसता एकदम पांगली. मागं खुद्द मास्तर. माझा कान पिरगाळून त्यांनी मला आत नेलं.

"सायेब, ह्यो माझी टिंगल करतोय."

"करतोय," मी म्हणालो, "पर पयलं घड्याळाकडं बगा की. तीन वीस व्हायला दोन मिन्टं हायेत."

हेडमास्तरांनी चष्मा लावला. तिघंही मान वर करून उभे. मोठा काटा चारावर आला. धाकटा तिनाला सोडून पुढं गेलेला, तीन आन् चार यांच्यामधल्या अंतराचा तिसरा हिस्सा. मास्तर तपकिरीची डबी चाचपत राहिले.

हेडमास्तरांनी माझा कागद मागवला. घड्याळाची फुली खोडून पाच गुण दिले. चौतीस. मी म्हणालो, "आता दुसरं बी तपासा, सर."

त्यांनी तपासलं. माझ्याकडं बघितलं. "शुक्रवार कसा काढलास?"

"शनिवार ते शनिवार आठ दिवस. एक, नऊ, सतरा, हे शनिवार. म्हंजे तेवीसला शुक्रवार."

घरी आम्ही बाजार ते बाजार आठ दिवसच म्हणायचो. दोन्ही बाजार त्यात धरायचो.

हेडमास्तरांनी कागद टेबलावर आपटला. "गाढवा! पहिला शनिवार दोनदा मोजतोस? सातासातानं जा! एक, आठ, पंधरा, बावीस हे शनिवार. तेवीसला रविवार! हितं मास्तरांनी तुला चुकवलं नव्हतं, फळ्यावर काही काढलं नव्हतं. एका गुणानं गेलास, आन् तो गुण तू स्वतः घालवलास. त्यांच्या काट्याची नक्कल करायला तुला वेळ होता, स्वतःची बोटं पुन्हा मोजायला नव्हता! नाव जायचं नाही. आधी मास्तरांची माफी माग. आन् बापाला पत्र लिही, माझ्यासमोर. तारीख घाल वर. वार सुद्धा घाल, बघू येतो का!"