मामांचे कँटीन

आमच्या शाळेचे कँटीन चालवणाऱ्या ठेकेदाराला सगळे मामा म्हणत. मामांइतका स्वच्छतेचा भोक्ता मी पाहिलेला नाही. फक्त ही आवड तपासणीच्या दिवसापुरती असे. तपासणीची खबरही आम्ही शाळेच्या कार्यालयातलेच पोहोचवत असू. पालकांची समिती येणार म्हटले की मुख्याध्यापिकाबाई आदल्या दिवशी कँटीनला चहा-नाश्ता सांगत. मग फरशी चकचकीत होई, डबे झाकले जात आणि मामांच्या डोक्यावर टोपी चढे. समिती 'समाधानकारक' असा शेरा देऊन, पोटभर खाऊन जाई.

तरीही पालकांच्या तक्रारींवरून मामांना दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या. त्या ते आमंत्रणपत्रिकांसारख्या जपून ठेवत.

यंदा समितीत एक डॉक्टरबाई आल्या. त्या मधल्या सुट्टीत, न सांगता, थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ओटा पुसायच्या फडक्यानेच ताटल्या पुसणे चालू होते. पिठात अळ्या होत्या. पाण्याची टाकी उघडी.

"हे काय आहे, मामा?"

"मॅडम, तुम्ही येणार हे मला कुणी कळवलंच नाही!" मामा मनापासून दुखावले होते.

कराराप्रमाणे तिसऱ्या चुकीला मुदत द्यावी लागत नाही. समितीने ठराव केला, करार रद्द केल्याचे पत्र मी कार्यालयीन अधीक्षक म्हणून मामांच्या हाती दिले.

"साहेब, इतकी वर्षं तुमचा चहा वेगळ्या भांड्यात केला!"

"म्हणूनच मी धडधाकट आहे, मामा."

खरा घोर मामींना होता. स्वयंपाक त्याच करत, आणि घर त्याच कँटीनवर चाले. मी शाळेची भांडी, फ्रीज आणि किल्ल्या ताब्यात घेत होतो, तेव्हा त्या दाराशी उभ्या होत्या.

मागच्या निविदेत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या एका ताईंना आम्ही तातडीने बोलावले. तोवर मुलांनी घरून डबे आणायचे ठरले. ताईंचा अन्न परवाना पाहिला, पाणी तपासायला पाठवले, किडे-झुरळांची फवारणी करून घेतली, स्वयंपाकघर घासून काढले. सोमवारी कँटीन उघडणार होते, पण ताईंकडे स्वयंपाकीण कमी पडत होती.

"मामी आहे ना!" मामा पुढे सरसावले. "मीही आहेच देखरेखीला."

ताईंनी मामींकडे पाहिले. "वैद्यकीय दाखला लागेल. आणि काम माझ्या पद्धतीनं."

"दाखला आजच आणते," मामी म्हणाल्या. "पण हे आत येणार नाहीत."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"म्हणून तर सांगते. झाकण ठेवा, फडकी बदला, म्हणून घसा कोरडा केला. तुम्ही मालक होतात, मला गप्प बसवलंत. आता मालक या ताई."

ताई हसल्या नाहीत. "सोमवारी लवकर या," एवढेच म्हणाल्या.

सोमवारी मामा बायकोला फाटकापर्यंत सोडायला आले. चेहरा एवढासा झालेला.

"मग घरी दुपारचं जेवण?" त्यांनी विचारले.

"भात लावायला शिका," मामी आत वळता वळता म्हणाल्या. "आणि आधी हात धुवा."