तांब्यातल्या रिकाम्या जागा

लातूरच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी चाचणीत एक गणित दिलं होतं. तांब्याच्या स्फटिकात एक रिकामी जागा तयार व्हायला ०.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, तर हजार अंश सेल्सिअसला किती जागा रिकाम्या असतील? तापमान वाढलं की या जागा भराभर वाढतात. ऊर्जेला बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि केल्विनमधलं तापमान यांच्या गुणाकारानं भागून, उणे चिन्हासह e च्या घातांकात टाकलं की उत्तर मिळतं.

मी फळ्यावर सोडवून दाखवताना ऊर्जा आधी दोननं भागली होती, त्यामुळं माझ्या उत्तरात शंभरात दीडाहून जास्त जागा रिकाम्या येत होत्या. मुखेडहून आलेल्या एका मुलीचं उत्तर दहा हजारांत तीनपेक्षा थोडं कमी होतं. मी शून्य दिलं. ती पेपर घेऊन पुढं आली.

"सर, शंभरात दीड जरा जास्तच होतंय ना? मी दोननं भागलं न्हाई."

"म्हणूनच चुकलं," मी म्हणालो. "हा मुखेडचा आठवडी बाजार न्हाई, मनानं भाव लावायला."

वर्ग हसला. ती "हाव सर" म्हणून जागेवर गेली.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात प्रयोगानं मोजलेले आकडे पाहिले. वितळण्याच्या अगदी जवळसुद्धा तांब्यात दहा हजारांत दोन-चारच जागा रिकाम्या. मग कळलं. वर्षानुवर्षं मी मिठाचा स्फटिक शिकवत आलो. तिथं धन आणि ऋण आयनांच्या जागा जोडीनं रिकाम्या होतात, म्हणून जोडीची ऊर्जा दोननं भागायची. धातूत एकटा अणू जागा सोडून पृष्ठभागावर जातो. तिथं जोडी नाही, दोनही नाही. तो दोनचा आकडा हाताच्या सवयीनं आला होता.

मी सगळ्यांचे गुण गुपचूप दुरुस्त केले. वर्गात मात्र बोललो नाही. गुण मिळाले म्हणजे झालं, असं स्वतःला समजावलं. खरं तर हसलेल्या वर्गासमोर उभं राहायची लाज वाटली.

मध्ये तिनं नांदेडच्या केंद्रावर पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली. यादीत तिचं नाव आलं नाही. दाखल्यासाठी ती कॉलेजात आली तेव्हा तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तिथं ॲल्युमिनियमचं असंच गणित होतं. आधी बरोबर केलं होतं. मग तुमचं आठवलं अन् दोननं भागलं."

तिनंच मला सावरून घेतलं. एका गणितानं प्रवेश गेला असं नाही, बाकीचंही चुकलं होतं, म्हणाली. ते खरं की माझ्यासाठी, हे मला आजही ठाऊक नाही.

"परत बसणार हाय मी," ती म्हणाली. "पण सर, तुम्ही हे वर्गात सांगितलं का?"

"नाही," मी म्हणालो. तिनं दाखला पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेली.