अख्खा खडू

रायीसा फेदोरिव्नाने सदतीस वर्षं पहिली ते चौथीची मुलं शिकवली. गावातल्या निम्म्या लोकांनी पहिलं अक्षर तिच्यासमोर गिरवलेलं. नवा खडू हातात आला की आधी त्याचे दोन तुकडे करायचे आणि मगच तो फळ्याला लावायचा, अशी तिच्या हाताची सवय होती. कुणी कारण विचारलं तर ती म्हणे, अख्खा खडू किंचाळतो. याहून जास्त तिला माहीत नव्हतं आणि कधी लागलंही नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा ओस्टाप त्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. लढाई सुरू झाल्यावर उन्हाळ्यात त्याला बोलावणं आलं. ऑक्टोबरात पत्र आलं, त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थनेसाठी दोन चिठ्ठ्या द्यायची रीत आहे, एक जिवंतांच्या नावांची आणि एक गेलेल्यांच्या. नवऱ्याचं नाव ती दुसऱ्या चिठ्ठीत लिही, ओस्टापचं पहिल्या. मेणबत्त्या विकणारी बाई दोन्ही चिठ्ठ्या वाचायची आणि काही न बोलता घ्यायची. रायीसाला तेवढं पुरे होतं. बाकीचं देवाच्या हाती.

नोव्हेंबरपासून ओस्टापचे तास ती घेऊ लागली. त्याची नोकरी कागदावर शाबूत होती, तिला काळजी वर्गाची होती. ही त्याची मुलं होती, आणि तो येईपर्यंत ती कुणाकडे जाऊ द्यायची नाहीत, असं तिने मनाशी धरलं होतं. परीक्षेत त्यांना किती गुण मिळतात याची तिला तेवढी फिकीर नव्हती.

जानेवारीत मुख्याध्यापिका इन्ना लिओनिदिव्नाने तिला खोलीत बोलावलं. इन्नासुद्धा एकेकाळी हिच्याच वर्गात नाक पुसत बसलेली. विजेची केंद्रं उडवल्यापासून लाइट वेळापत्रकाने चार-चार तास जात होती आणि जनरेटर तळघरातल्या आसऱ्यापुरताच होता. वरून सूचना आली होती, की सातवीचं भौतिकशास्त्र जिल्ह्याच्या शाळेतून संगणकावर शिकवावं. लाइट असेल तेव्हा. इन्नाने नजर चुकवत सांगितलं, की ती हे थांबवू शकेल, पण लाइट नसताना एक धड पाठ होतो असं तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहून द्यावं लागेल.

"रायीसा फेदोरिव्ना, रागावू नका. पाढे शिकवणं वेगळं आणि हे वेगळं."

"रागावत नाही गं. गुरुवारी ये. कोट घालून ये, वर्ग थंड असतो."

ओस्टापची सगळी टाचणं संगणकात होती आणि त्याचा परवलीचा शब्द तिला ठाऊक नव्हता. कपाट उपसल्यावर त्याच्या उमेदवारीच्या वर्षाची एक वही सापडली. तिच्यात हाताने लिहिलेलं एकच टाचण होतं. वर मथळा होता: 'घर्षण. लाइट गेली तर. साहित्य: खडू आणि फळा.' तिने ते तीन रात्री वाचलं, रविवारच्या प्रार्थनेसारखं पाठ केलं.

गुरुवारी दहाला लाइट गेली. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड फळ्यावर पडत होता, वाचायला पुरेसा. इन्ना मागच्या बाकावर वही उघडून बसली. मुलं टोप्या घालूनच बसली होती.

पहिला भाग छान उतरला. टाचणात लिहिल्याप्रमाणे रायीसाने खडू सैल धरला, त्याचं टोक जायच्या दिशेला केलं आणि खडू फळ्यावर पुढे ढकलला. तो टकटक उड्या मारत गेला आणि मागे ठिपक्यांची सरळ रेघ उमटली. मग तोच खडू उलटा कलता धरून ओढला, तर अखंड रेघ आली. तिने विचारलं, ठिपके कुणी काढले? मुलांनी वाद घातला. शेवटी झ्लाता म्हणाली, खडू अडकतो, मग सुटतो, मग पुन्हा अडकतो. रायीसाने सांगितलं, बरोबर. थांबलेल्या वस्तूला हलवायला जेवढा जोर लागतो, तेवढा हललेली वस्तू सरकत ठेवायला लागत नाही. म्हणून खडू रुततो, जोर साठतो, मग एकदम निसटतो.

"आपल्या गेनादी काकांच्या ट्रॅक्टरसारखा," डेम्यान म्हणाला, आणि वर्ग हसला. इन्नाही वहीआडून हसली.

पुढची ओळ होती: 'आता हेच शेकडो वेळा, एका सेकंदात. अख्खा खडू उभा धरून मागच्या टोकाला पकड. कान झाकायला सांगू नकोस.' रायीसाने खडू तसा धरला आणि ओढला. आवाज आला नाही. पुन्हा ओढला, नुसतीच भुकटी पडली. इन्नाचं पेन थांबलं.

तेव्हा तिचं लक्ष हातातल्या खडूकडे गेलं. तो अर्धाच होता. टाचणात 'अख्खा' या शब्दाखाली दोनदा रेघ होती. तिने खोकं बघितलं. नोव्हेंबरपासून रोज सकाळी तिच्या हाताने एकेक खडू मोडून ठेवला होता आणि खोक्यात तुकड्यांशिवाय काही नव्हतं. झ्लाता बाकीच्या सगळ्या वर्गांत धावत जाऊन आली. तिथेही थोटकंच होती.

दाराआड खिळ्याला ओस्टापचा पांढरा कोट लटकत होता. रायीसाने तो धुतला नव्हता, हलवलाही नव्हता, आणि मुलंही त्याला हात लावत नसत. ती दारापर्यंत गेली, मनात देवाचं नाव घेतलं आणि खिशात हात घातला. रुमाल होता, बसचं तिकीट होतं, आणि तळाशी एक खडू. अख्खा.

तिने तो मागच्या टोकाला धरून फळ्यावर उभा ओढला. अशी किंकाळी उठली, की पहिल्या बाकावरच्या पोरींनी टोप्या कानांवर ओढल्या. खडूची लांब काठी थरथरते, सेकंदाला शेकडो वेळा अडकते-सुटते, आणि तोच थरथराट आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो, हे तिने नीट समजावलं. मघाचे ठिपके डोळ्यांना दिसले, हे कानाला ऐकू येतात.

टाचणात एकच ओळ उरली होती. 'आता खडू मोड आणि पुन्हा ओढ. हे मी भौतिकशास्त्र शिकण्याआधी आईच्या वर्गात बघितलं.'

तीन रात्री तिने ही ओळ वाचली होती. तेव्हा तिला ती नुसती आईच्या कौतुकाची ओळ वाटली होती. आता खडू तिच्या दोन्ही हातांत होता आणि बोटं, जी सदतीस वर्षं न विचारता मोडत आली, ती हलत नव्हती. कोट कुणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, नका मोडू," डेम्यान हळूच म्हणाला. "आम्हाला कळलं. खरंच कळलं."

"सांगून कळत नाही रे. बघावं लागतं," रायीसा म्हणाली. "ओस्टाप वसिल्योविचांनी तसं लिहिलंय."

तिने खडू मोडला. बारीकसा कट आवाज झाला. आखूड तुकडा फळ्याजवळ घट्ट धरून तिने रेघ ओढली, आणि रेघ मुकाट उमटली. तुकडा आखूड, पकड जवळ, थरथरायला जागाच नाही, असं तिने सांगितलं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

तास संपल्यावर इन्ना जवळ आली. अहवाल आजच पाठवते, वर्ग इथेच राहील, म्हणाली. मग वेळ काढायचा म्हणून विचारलं, की सोमवारच्या तासाचं टाचण आहे का?

"त्याचं एवढंच होतं. आता मी लिहीन."

इन्नाने लहानपणी धरायची तशी तिची बाही धरली, सोडली आणि गेली.

रायीसाने एक तुकडा खोक्यात टाकला. दुसरा रुमालाखाली, कोटाच्या खिशात परत ठेवला. मग वहीचं कोरं पान उघडून सोमवारची तारीख घातली आणि खाली लिहिलं: साहित्य, खडू आणि फळा. शाळेत आता एकही अख्खा खडू नव्हता.