जमिनीला न टेकणारा चेंडू

शाळेत शिकवायला जाण्याआधी पाठाचं टिपण द्यावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. पुण्यात असताना मी एका कार्टून स्टुडिओत काम करायचे. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणं, हेच माझं काम. नवऱ्याची नोकरी बंगळुरात आली आणि माझी सुटली. तेव्हापासून मी राजाजीनगरच्या एका भाड्याच्या घरात बसून काळजी करते. काळजी करण्यात मी तरबेज आहे. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला मी जिना पुन्हा चढून येणारी बाई आहे.

मला शाळेत नेलं ते आमच्या गल्लीतल्या अक्कांनी. त्यांचं मराठी घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे, की मूळ गाव विचारलं तर त्या हसतात. जवळच्याच एका शाळेत त्या चित्रकला शिकवतात. एक दिवस त्या घरी आल्या, चहाला नाही म्हणाल्या, आणि तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"नववीचा ड्रॉइंगचा पीरियड काढून मॅथ्सला देतायत गे," त्या म्हणाल्या. "एचएम म्हणाल्या, आजकाल कागदावर चित्रं कोण काढतंय? मुलं त्यातनं काय शिकतात, एवढं एक दाखवा, मग बघू. लॅबमध्ये टॅब्लेट पडून आहेत की. तू ते हलणारी चित्रं करत होतीस नव्हं? एक दिवस येऊन शिकव. स्वल्प मदत कर."

नववीचा तो जोडतास म्हणजे अक्कांचा जीव. बाकीच्या वर्गांना त्या हस्तकला आणि बदली तास घेतात. चित्र काढायला म्हणून त्यांच्याकडे उरलेला हा एकच वर्ग. तो गेला की निवृत्तीपर्यंत नुसतं रजेवरच्या बाईंच्या वर्गावर बसायचं. हे त्या बोलल्या नाहीत, पण पदराचं टोक गुंडाळत बसल्या. मी लगेच हो म्हटलं आणि त्या गेल्याबरोबर घाबरले.

मग मी पाठ लिहायला घेतला. उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन असे रकाने होते. साधा विषय निवडला, वरून पडून उसळणारा चेंडू. अॅप फुकटातलं. त्यात एकेक पान चित्र काढायचं, अधिकचं चिन्ह दाबलं की नवं पान येतं, मागच्या पानावरचं चित्र फिकट सावलीसारखं खाली दिसत राहतं, म्हणजे पुढचं किती सरकवायचं ते कळतं. सेकंदाला बारा पानं असा वेग ठेवायचा. त्रिकोण दाबला की सगळी पानं भराभर उलटतात आणि चेंडू हलतो.

काळजी करणाऱ्या माणसाचा पाठ कसा असतो, ते त्या कागदात बघावं. टॅब्लेट चार्ज नसले तर काय, त्याची सोय होती. जाहिराती मध्ये येऊ नयेत म्हणून इंटरनेट बंद ठेवायचं, ही सोय होती. दोघांत एक टॅब्लेट, त्यात भांडण झालं तर काय, हेही होतं. वर जाताना चेंडू हळू होतो म्हणून तिथली चित्रं जवळजवळ, जमिनीजवळ तो वेगात असतो म्हणून तिथली लांब लांब, याचा तर मी तक्ताच रंगवला. घरी स्वतः करून बघितलं. चेंडू झकास उसळला. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे अक्कांच्या एचएमनी, कागदावर सही केली आणि अक्कांना सांगितलं, की शेवटी त्या स्वतः बघायला येतील.

पाठाच्या दिवशी सकाळी माझ्या घशाखाली इडली उतरेना.

वर्गात पोरं मोठी मजेदार होती. माझ्या कानडीला ती आधी हसली, मग त्यांना माझी दया आली आणि ती माझ्याशी हिंदीत बोलू लागली. अक्का मागच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. टॅब्लेटला त्यांनी बोट लावलं नाही. "काच आहे ती. काचेवर कसलं चित्र?" असं त्यांनी मला येताना रस्त्यातच सांगितलं होतं.

मी पाठाप्रमाणे सुरुवात केली. स्टुडिओत आम्ही मुख्य चित्रं आधी काढायचो आणि मधली नंतर भरायचो. तसंच मुलांना सांगितलं. पहिल्या पानावर चेंडू वर, दुसऱ्यावर जमिनीला टेकलेला, तिसऱ्यावर पुन्हा वर. झालं? आता तक्ता बघा आणि मधली चित्रं भरा.

पोरांनी माना खाली घातल्या. वर्ग इतका शांत झाला की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मला वाटलं, जमतंय. मी अक्कांकडे बघून हसलेसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या जोडीने त्रिकोण दाबला. चेंडूने आधी डोळ्याचं पातं लवायच्या आत जमिनीवर जाऊन परत वर उडी मारली. मग तो वरून नीट पडायला लागला, वेग घेतला, आणि जमीन बोटभर उरली असताना तसाच मागे फिरून वर गेला. जमिनीला टेकलाच नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी दुसऱ्या बाकाकडे धावले, तिथेही तेच. तिसऱ्याकडेही.

कारण मला लगेच कळलं. अधिकचं चिन्ह दाबलं की नवं पान आपण उभे असतो त्या पानाच्या पुढे येतं. मधलं चित्र भरायचं तर आधी पहिल्या पानावर परत जायचं आणि तिथून अधिक दाबायचं. माझा हात हे न विचारता करतो, इतक्या वर्षांची सवय. म्हणून मी ते लिहिलंच नव्हतं. पोरं शेवटच्या पानावर उभी होती आणि तिथूनच पुढे काढत गेली. मधली सगळी चित्रं शेवटी आली आणि टेकलेला चेंडू एकटाच सुरुवातीला राहिला. भांडणाची सोय करून ठेवणारी मी, हे एवढं विसरले.

आता काय? पानं बोटाने दाबून धरून ओढून जागेवर नेता येतात, पण ते सगळ्यांना शिकवेपर्यंत तास संपला असता. पुन्हा पहिल्यापासून काढायलाही वेळ नव्हता. मी फळ्याजवळ नुसती उभी राहिले. अक्का मागून उठून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय झालं गे? चेंडू असं का करतंय?"

"चुकलं, अक्का," मी म्हणाले. "माझं चुकलं."

त्या परत जाऊन बसल्या, आणि ते मला जास्त लागलं.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावर हशा पिकला. दोन मुली टॅब्लेटवर वाकून खुदखुदत होत्या. मी गेले. त्यांनी चेंडूला प्रत्येक पानावर डोळे काढले होते. मोठे, पांढरे, खाली जमिनीकडे बघणारे. आता तो चेंडू एकदा पटकन टेकत होता, तव्याला बोट लागल्यासारखा उडत होता, आणि मग कितीदा खाली आला तरी जमिनीजवळून परत फिरत होता.

"मिस, हा भ्यालाय," त्यातली उंच मुलगी म्हणाली. "आधी एकदा लागलंय ना त्याला."

मला हसू आलं नाही. मला वाटलं, हा चेंडू मी ओळखते. आणि त्याच क्षणी दारात मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या.

त्या गणिताच्या बाई, चष्मा नाकावर, शब्द मोजून. "एखादं दाखवा," म्हणाल्या. मी कुठलं दाखवावं याचा विचार करेपर्यंत त्या दोघींनी आपला टॅब्लेट प्रोजेक्टरला लावलासुद्धा. मी अक्कांकडे बघितलं नाही. हिंमतच झाली नाही.

पडद्यावर तो भित्रा चेंडू खालीवर होऊ लागला. पोरं हसली. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत.

"जमिनीला टेकत का नाही?" त्यांनी विचारलं.

उत्तर त्या उंच मुलीने दिलं, कानडीत, घाईघाईने, पण मला समजलं. "मॅम, टेकलेलं पान चुकून आधी आलंय. ते मध्ये पाहिजे, खाली येणं संपतं तिथे. थांबा." तिने ते पान दाबून धरलं, ओढत मध्ये नेऊन सोडलं, वरचं जादा पान शेवटाला नेलं आणि त्रिकोण दाबला. चेंडू पडला, टेकला, उसळला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फक्त डोळे अजून घाबरलेलेच होते.

"म्हणजे चित्रं तीच," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "फक्त क्रम बदलला."

"येस मॅम."

त्या पडद्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "इन्नोंद सल. पुन्हा दाखव. हे नाही, मघाचं."

मुलीने पानं पहिल्यासारखी लावली. मुख्याध्यापिका हात मागे बांधून उभ्या राहिल्या. तो चेंडू खाली यायचा, घाबरायचा, परत जायचा, आणि त्या बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

जाताना त्या अक्कांपाशी थांबल्या. "पीरियड राहू दे," त्यांनी सांगितलं. "पण दर आठवड्याला यातलं काहीतरी झालं पाहिजे. आणि बाहेरून कुणी येणार नाही. तुम्हीच घ्यायचं."

घंटा झाली. पोरं गोंगाट करत गेली. मी आनंदाने अक्कांकडे वळले, तर त्यांचा चेहरा पडलेला. पीरियड वाचला होता आणि त्या पुन्हा पदराचं टोक गुंडाळत होत्या.

"मला नाही यायचं गे हे," त्या म्हणाल्या. "पोरं हसतील. उद्या परत एचएम येतील, मग?"

काळजी करू नका, असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? मी एक टॅब्लेट उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारच्या स्टुलावर बसले. मग खडूने पांढरं झालेलं बोट त्यांनी पदराला पुसलं आणि एका झटक्यात गोल काढला.

"आता?"

"आता तो त्रिकोण दाबा."

त्यांनी दाबला. गोल होता तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा दाबला, जरा जोरात.

"हलत नाही गे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

"एकच चित्र आहे ना, अक्का," मी म्हणाले. "दुसरं काढा."